एका ‘पोहोचलो’चं ओझं

संगणकशास्त्र शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवलं तरी एक आकृती तो हमखास काढून दाखवेल. वर एक छोटी चौकट, तिच्यात ‘डेटा’ असं लिहिलेलं. तिच्याखाली तीच चौकट, पण डाव्या अंगाला एक नवा तुकडा चिकटलेला. त्याच्याखाली आणखी एक तुकडा, मग आणखी एक, आणि अगदी तळाच्या ओळीत उजवीकडेही एक छोटंसं शेपूट. डावीकडे थरांची नावं, मध्ये खाली जाणारे बाण. परीक्षेत ही आकृती काढली की गुण मिळतात, आणि बहुतेकांचा तिच्याशी संबंध तिथंच संपतो.

आकृती चुकीची नाही. इंटरनेटवरून पाठवलेला प्रत्येक मजकूर खरोखरच थराथरानं खाली उतरतो आणि प्रत्येक थर आपलं हेडर, म्हणजे आपल्या कामापुरती माहिती, त्याच्या पुढे जोडतो. पण त्या तुकड्यांत नेमकं काय लिहिलेलं असतं आणि ते चिकटवायला जागा कुठून येते, हे आकृती सांगत नाही. जागेचा हा प्रश्न पुस्तकी वाटेल, पण घरचं इंटरनेट ‘चालू आहे, तरी काही साइट उघडतच नाहीत’ अशा विचित्र अवस्थेत अडकतं तेव्हा त्याचं उत्तर अनेकदा इथंच सापडतं.

थर किती, यावर दोन घराणी आहेत. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं १९८४ साली सात थरांची रचना प्रसिद्ध केली, तीच ओएसआय प्रतिमान म्हणून शिकवली जाते. प्रत्यक्षात जग चालतं ते टीसीपी/आयपीवर, आणि त्यात चारच थर मोजतात. गंमत अशी की टीसीपी आणि आयपी हे सुरुवातीला वेगळे नव्हतेच. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी मे १९७४मध्ये मांडलेल्या कल्पनेत एकच कार्यक्रम दोन्ही कामं करत होता. पॅकेट नीट पोहोचलं की नाही याची काळजी घेणं आणि पॅकेटला वाट दाखवणं ही कामं वेगळी करायला हवीत, हे पुढे लक्षात आलं. १९७८च्या सुमारास त्यांची फारकत झाली आणि सप्टेंबर १९८१मध्ये दोघांची स्वतंत्र मानकं निघाली. आकृतीतली टीसीपी आणि आयपी यांच्यामधली रेघ ही अशी अनुभवातून ओढलेली आहे. सात थरांतल्या वरच्या तीन थरांबद्दल तसं म्हणता येत नाही. ते आजच्या कुठल्याही पॅकेटात वेगवेगळे दाखवा म्हटलं तर दाखवणाऱ्याची पंचाईत होते.

आता एक मजकूर घेऊ आणि त्याच्यामागोमाग खाली उतरू. लांबच्या प्रवासाला गेलेला मुलगा मुक्कामी टेकतो, लॅपटॉप उघडतो आणि घरी लिहितो: ‘पोहोचलो’. लॅपटॉपला वायफायऐवजी तार जोडली आहे असं धरू, म्हणजे हिशेब सोपा राहील. वाचताना हा चार अक्षरांचा शब्द, पण संगणकाला काने, मात्रा वेगळ्या मोजाव्या लागतात. प, ो, ह, ो, च, ल, ो अशी सात चिन्हं झाली. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून मजकूर झाला २१ बाइटांचा. खरा मेसेजिंग कार्यक्रम त्यात पाठवणाऱ्याची ओळख, वेळ, संदेशाचा क्रमांक असं स्वतःचं बरंच काही घालतो. ते आपण सोडून देऊ आणि या २१ बाइटांनाच खाली ढकलू.

पहिला थांबा कूटबद्धतेचा. आज जवळजवळ सगळीच देवाणघेवाण टीएलएस नावाच्या आवरणातून होते. ब्राउझरमधलं कुलूप ते याचंच. हे आवरण आपल्या २१ बाइटांच्या मागे ‘आत कोणत्या प्रकारचा मजकूर आहे’ हे सांगणारा १ बाइट जोडतं, सगळं कुलूपबंद करतं, कुणी फेरफार केला तर कळावा म्हणून १६ बाइटांची खूण मागे लावतं आणि पुढे ५ बाइटांचं हेडर ठेवतं. बेरीज ४३. या पाच बाइटांत एक सोज्वळ खोटेपणा आहे. आवृत्ती १.३ असली तरी हेडरवर १.२ असंच लिहायचं, असा नियमच आहे. वाटेतली काही जुनी यंत्रं अनोळखी आवृत्ती दिसली की जोडणीच तोडत होती, म्हणून ही तडजोड. वाटेतल्या यंत्रानं आत डोकावूच नये, असं आकृती म्हणते. ती डोकावतात, आणि त्यांच्या सवयी मानक लिहिणाऱ्यांनाही सांभाळाव्या लागतात.

हे ४३ बाइट टीसीपीच्या हाती येतात. आत काय आहे हे टीसीपीला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. त्याच्या लेखी हा बाइटांचा अखंड प्रवाह आहे. तो पुढे किमान २० बाइटांचं हेडर लावतो. दोन्ही टोकांचे पोर्ट क्रमांक, या प्रवाहातला हा तुकडा कितव्या बाइटापासून सुरू होतो तो क्रमांक, समोरून इथपर्यंत मिळालं याची पोच, आपल्याकडे अजून किती घ्यायला जागा आहे त्याचा आकडा आणि तपासणीची एक बेरीज, असं त्यात असतं. अनेक संगणक वेळेच्या नोंदीसाठी आणखी १२ बाइट जोडतात, आपण ते धरत नाही. ४३ अधिक २० म्हणजे ६३. या अवस्थेत त्याला सेगमेंट म्हणतात.

पुढचा थर आयपीचा. याचंही हेडर २० बाइटांचं. हे मात्र नुसतं सांगण्यापेक्षा उघडून बघण्यासारखं आहे. पुढचे बाइट मी हातानं मांडले आहेत. पाठवणाऱ्याचा पत्ता घरगुती जाळ्यातला, 192.168.1.10, आणि सर्व्हरचा पत्ता 198.51.100.7 घेतला आहे. हा दुसरा पत्ता उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या गटातला आहे, त्यामुळे कुणाच्या दारावर थाप पडणार नाही.

```
45 00 00 53  00 01 40 00  40 06 4e b7
c0 a8 01 0a  c6 33 64 07
```

पहिल्या बाइटातला 4 म्हणजे आयपीची चौथी आवृत्ती. 5 म्हणजे हेडर चार-चार बाइटांच्या पाच गटांचं, एकूण २०. पुढचं `00 53` ही एकूण लांबी. सोळाच्या पटीत लिहिलेल्या 53 चे आपले झाले ८३, म्हणजे ६३ अधिक २०. हिशेब जुळला. `00 01` हा पॅकेटाचा ओळख क्रमांक. त्यानंतरच्या `40 00` चा अर्थ ‘या पॅकेटाचे वाटेत तुकडे करू नका’. ही सूचना लक्षात ठेवावी, पुढे तिच्यावरूनच सगळं बिनसणार आहे. मग एकटा `40`, म्हणजे ६४. पॅकेट जास्तीत जास्त इतक्या राऊटरांपर्यंत पोहोचू शकतं. प्रत्येक राऊटर त्यातून एक वजा करतो आणि आकडा शून्यावर आला की पॅकेट टाकून देतो, नाहीतर चुकलेली पॅकेटं जन्मभर गोल फिरत राहतील. `06` म्हणजे आत टीसीपी आहे. `4e b7` ही हेडरपुरती तपासणीची बेरीज. खालच्या ओळीत दोन्ही पत्ते.

यातला `06` दिसायला क्षुल्लक, पण सगळी रचना अशा आकड्यांवर उभी आहे. आयपीला टीसीपीचं काहीही कळत नाही, पण पलीकडच्या संगणकात हे हेडर काढून टाकल्यावर उरलेलं कुणाच्या स्वाधीन करायचं, एवढं त्याला कळायला हवं. ६ असेल तर टीसीपीकडे, १७ असेल तर यूडीपीकडे. असाच एकेक आकडा प्रत्येक थराच्या हेडरात असतो. त्याच्या खालच्या इथरनेटच्या हेडरात आयपीसाठी `0800`, आणि वर टीसीपीच्या हेडरात पोर्ट क्रमांक, उदाहरणार्थ सुरक्षित वेबसाठी ४४३. आकृतीत बाण काढलेले असतात. पाठवणाऱ्याच्या बाजूचे बाण सोपे, कोण कुणाला देतंय हे तिथं ठरलेलंच असतं. घेणाऱ्याच्या बाजूला मात्र वर जाणारा प्रत्येक बाण म्हणजे असा एक आकडा आहे. तो चुकला तर आतला मजकूर शाबूत असूनही कुणाच्याच कामाचा नाही.

तळाशी इथरनेट. ते पुढे १४ बाइट लावतं. पलीकडच्या कार्डाचा ६ बाइटांचा पत्ता, स्वतःचा ६ बाइटांचा पत्ता आणि २ बाइटांत तो `0800`. मागे ४ बाइटांचं शेपूट, वाटेत एखादा बिट उलटला का हे ताडण्यासाठी. ते शेवटी ठेवण्यामागे सरळ विचार आहे. फ्रेम तारेवर जात असतानाच कार्ड हिशेब करत राहतं आणि शेवटचा बाइट गेला की उत्तर लगेच मागोमाग पाठवतं. घेणाऱ्याचा पत्ता सगळ्यात पुढे ठेवण्यालाही असंच कारण आहे. पहिले सहा बाइट वाचताच स्विचला कळू शकतं की ही फ्रेम कुठल्या तारेवर सोडायची आहे. आता बेरीज १०१. शिवाय प्रत्येक फ्रेमच्या आधी घेणाऱ्याला सावध करणारे ८ बाइट जातात आणि नंतर १२ बाइटांच्या वेळेएवढी शांतता पाळावी लागते. म्हणजे २१ बाइटांच्या ‘पोहोचलो’साठी तार १२१ बाइटांइतका वेळ अडली. मजकुराचा वाटा जेमतेम १७ टक्के.

हे उधळपट्टीसारखं वाटेल. पण ओझं शब्दावर नसतं, फ्रेमवर असतं. तीच फ्रेम काठोकाठ भरली की आत १४६० बाइट मजकूर मावतो आणि तार १५३८ बाइटांइतका वेळ अडते. तिथं मजकुराचा वाटा ९५ टक्क्यांच्या आसपास जातो. सिनेमा पाहताना हेडर जाणवतच नाहीत, ती जाणवतात ती अशा एका शब्दाच्या निरोपात.

कुणाला हे स्वतः पाहायचं असेल तर वायरशार्क नावाचा मोफत कार्यक्रम आहे. तो आपल्या संगणकातून येणारीजाणारी पॅकेटं पकडतो आणि आकृतीतले थर एकाखाली एक उलगडून दाखवतो. दोन गोष्टी मात्र नवख्याला हमखास गोंधळात टाकतात. आपली १०१ बाइटांची फ्रेम तिथं ९७ची दिसते, कारण शेवटचे ४ बाइट साधारणपणे कार्डच लावतं आणि कार्डच काढतं, ते कार्यक्रमापर्यंत पोहोचत नाहीत. आणि स्वतः पाठवलेल्या पॅकेटांची तपासणीची बेरीज चुकलेली दिसू शकते. काहीही बिघडलेलं नसतं. बेरीज करण्याचं काम संगणकानं कार्डावर सोपवलेलं असतं, आणि वायरशार्क पॅकेट पकडतो तो कार्डाकडे जाण्याआधीच. पलीकडच्या संगणकावर तेच पॅकेट पकडलं तर बेरीज बरोबर असते.

आकृतीमुळे आणखी एक समज होतो, तो म्हणजे हे आवरण एकदा घातलं की मुक्कामापर्यंत तसंच राहतं. आपल्या टपालातली पद्धत आठवली तर खरं काय ते कळतं. पाकिटावरचा पत्ता शेवटपर्यंत तोच असतो, पण ते पाकीट ज्या थैलीत असतं ती थैली वाटेतल्या वर्गीकरण कार्यालयात उघडली जाते आणि पत्रं दुसऱ्या थैलीत भरली जातात. इथरनेटचं हेडर ही ती थैली. लॅपटॉपनं त्यावर सर्व्हरचा पत्ता लिहिलेलाच नसतो, लिहिलेला असतो घरातल्या राऊटरच्या कार्डाचा. राऊटर ती फ्रेम उघडतो, १४ पुढचे आणि ४ मागचे बाइट फेकून देतो, आयपीचं हेडर वाचतो, ६४ चे ६३ करतो आणि पुढच्या तारेसाठी नवं आवरण चढवतो. ती पुढची तार इथरनेटची असेलच असंही नाही. नुसता ६४ चा ६३ झाला तरी आयपीची तपासणी बेरीज बदलते. वरच्या उदाहरणात `4e b7` चे `4f b7` होतील. प्रत्येक राऊटरवर प्रत्येक पॅकेटासाठी ही बेरीज पुन्हा करणं म्हणजे निव्वळ वैताग, म्हणून आयपीच्या सहाव्या आवृत्तीत ती काढूनच टाकली.

खालचं आवरण असं बदलता येतं म्हणूनच आयपीला खाली काय आहे याची पर्वा नसते. ही बेपर्वाई कुठवर ताणता येते हे दाखवण्यासाठी १ एप्रिल १९९० रोजी एक मानक थट्टेत लिहिलं गेलं. पॅकेट कागदाच्या सुरळीवर छापायचं आणि कबुतराच्या पायाला बांधून सोडायचं. २००१मध्ये नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या हौशी मंडळींनी ते खरंच करून पाहिलं. नऊ पॅकेटं सोडली, चारांची उत्तरं आली, आणि नेहमीच्या पिंग आज्ञेनं जवळजवळ तासभर किंवा त्याहून अधिक वेळ लागलेली ती उत्तरं बिनतक्रार छापली. वरच्या थराला कबुतरांचा पत्ताही लागला नाही.

पण थरांमधल्या भिंती आकृतीत दिसतात तितक्या पक्क्या नाहीत. घरातला राऊटर पॅकेट बाहेर सोडताना पाठवणाऱ्याचा 192.168.1.10 हा पत्ता खोडतो आणि तिथं स्वतःचा, बाहेर चालणारा पत्ता लिहितो. घरात चारजण एकाच वेळी इंटरनेट वापरत असतात, तेव्हा परत आलेलं उत्तर कुणाचं हे लक्षात ठेवायला त्याला पोर्ट क्रमांकही बदलावा लागतो, आणि पोर्ट तर टीसीपीच्या हेडरात आहे. म्हणजे तिसऱ्या थरावरचं हे यंत्र चौथ्या थराच्या कागदात खाडाखोड करतं. त्यातही टीसीपीच्या तपासणी बेरजेत आयपीचे दोन्ही पत्ते धरलेले असतात. चुकीच्या दारी गेलेलं पॅकेट ओळखता यावं म्हणून मूळ रचनाकारांनीच ते केलं. त्यामुळे पत्ता बदलला की टीसीपीची बेरीजही नव्यानं करावी लागते. सुबक चौकटींच्या आकृतीत या गोष्टीला जागाच नाही.

आता जागेचा प्रश्न. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये आयपीचं हेडर धरून जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. हा आकडा १९८०च्या इथरनेट मानकातला. तेव्हा एकाच जाड तारेवर सगळे संगणक असत आणि एकाची फ्रेम चालू असताना बाकीच्यांना थांबावं लागे, म्हणून फ्रेम फार लांब ठेवून चालणार नव्हतं. तेव्हाच्या सेकंदाला एक कोटी बिटांच्या वेगानं सगळ्यात मोठी फ्रेम जायला सुमारे सव्वा मिलिसेकंद लागे. वेग हजारो पटींनी वाढला, १५०० मात्र जागचा हलला नाही, कारण तो बदलायचा तर जगातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी बदलायला हवा. १५००मधून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० गेले की उरतात १४६०. जोडणी सुरू होतानाच लॅपटॉप सर्व्हरला सांगतो, मला एका वेळी १४६०पर्यंत पाठवा. सर्व्हरही तसंच सांगतो.

हे सगळं घरातली तार आणि सर्व्हरची तार पाहून ठरतं. मधली वाट दोघांनाही दिसत नाही. आपल्याकडे ब्रॉडबँडच्या राऊटरमध्ये ज्यांनी कधी ग्राहक-नाव आणि पासवर्ड भरला आहे, त्यांची जोडणी बहुधा पीपीपीओई पद्धतीची असते. या पद्धतीत राऊटर आणि पुरवठादार यांच्यामधल्या तारेवर इथरनेट आणि आयपी यांच्या मध्ये आणखी एक हेडर घुसतं, ६ बाइटांचं, आणि त्यामागे २ बाइटांचा आतल्या मजकुराचा प्रकार. मिळून ८. फ्रेमची हद्द तीच, म्हणजे ते आठ बाइट १५००मधूनच कापले जातात आणि आयपीसाठी उरतात १४९२.

सर्व्हरला हे माहीत नाही. तो १५०० बाइटांचं काठोकाठ भरलेलं पॅकेट पाठवतो आणि त्यावर ती सूचना असते, तुकडे करू नका. पॅकेट पुरवठादाराच्या यंत्रापर्यंत येतं, तिथून पुढे १४९२चीच वाट असते. नियमानुसार ते यंत्र पॅकेट टाकून देतं आणि सर्व्हरला निरोप धाडतं, ‘मोठं आहे, १४९२पर्यंतच पाठवा’. नोव्हेंबर १९९०च्या मानकात ही व्यवस्था नीट मांडलेली आहे. सर्व्हर आकार कमी करतो आणि कुणाला काही कळतही नाही. अडतं ते सर्व्हरच्या दारात. तिथला फायरवॉल सांभाळणारा माणूस आयसीएमपी प्रकारची सगळी पॅकेटं धोक्याची समजून बंद करून टाकतो, आणि तो निरोप आयसीएमपीच असतो. मग सर्व्हर उत्तराची वाट पाहतो, तेच १५०० बाइटांचं पॅकेट पुन्हा पाठवतो, दरवेळी आधीपेक्षा जास्त थांबून. दरवेळी ते त्याच ठिकाणी गुपचूप पडतं.

या बिघाडाची लक्षणं एकदा माहीत असली की दुरून ओळखू येतात. पिंग व्यवस्थित चालतं, कारण त्याची पॅकेटं छोटी असतात. साइटचं नाव शोधून मिळतं. जोडणीही होते, तेही छोट्या पॅकेटांत. सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पाठवतो तिथं गाडी अडते, कारण ते बहुधा काही हजार बाइटांचं असतं आणि काठोकाठ भरलेल्या पॅकेटांतून येतं. ब्राउझरचं चक्र फिरत राहतं आणि मिनिटाभरानं तो हात टेकतो. शेजारची दुसरी साइट झटकन उघडते, कारण तिच्या फायरवॉलवाल्यानं निरोप अडवलेला नसतो. त्यामुळे तक्रार केली की पुरवठादार म्हणतो आमच्याकडून सगळं ठीक, साइटवाले म्हणतात बाकी सगळ्यांना दिसतंय, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

खात्री करायला एक साधी चाचणी आहे. लिनक्सवर अशी:

```
ping -c 3 -M do -s 1464 example.com
ping -c 3 -M do -s 1472 example.com
```

विंडोजवर `-M do` ऐवजी `-f` आणि `-s` ऐवजी `-l` लिहायचं, `-c 3` गाळायचं, आणि साइटचं नाव हवं ते घालायचं. `-M do` म्हणजे तुकडे करू नका. पिंगचं स्वतःचं हेडर ८ आणि आयपीचं २०, म्हणून १४७२चं पॅकेट तारेवर बरोबर १५०० होतं आणि १४६४चं १४९२. पिंगचं उत्तर विचारलेल्याइतक्याच आकाराचं येतं, त्यामुळे परतीची वाटही तपासली जाते. १४६४ला उत्तर आलं आणि १४७२ला `Frag needed and DF set (mtu = 1492)` असा निरोप आला तर वाट अरुंद आहे, पण निदान बोलते आहे. पहिल्याला उत्तर आणि दुसऱ्याला नुसती शांतता असेल तर निरोप वाटेत कुठेतरी गिळला जातोय. काही सर्व्हर पिंगला मुळीच उत्तर देत नाहीत, म्हणून आधी काहीही आकार न देता एकदा पिंग करून पाहावं.

यावर सरसकट वापरला जाणारा उपाय पुन्हा भिंत ओलांडणाराच आहे. घरचा राऊटर जोडणीच्या पहिल्याच पॅकेटात डोकावतो, लॅपटॉपनं लिहिलेले १४६० खोडतो आणि तिथं १४५२ लिहितो, म्हणजे १४९२ वजा ४०. सर्व्हर बिचारा समजतो की लॅपटॉपनंच तसं मागितलं. बहुतेक घरगुती राऊटर हे आपण न सांगता करतात, म्हणूनच हा बिघाड रोज दिसत नाही. राऊटर बदलला, किंवा मध्ये दुसरा राऊटर लावला की कधीतरी तो अचानक डोकं वर काढतो.

ऑफिसच्या कामासाठी व्हीपीएन वापरणाऱ्यांकडे तर आकृती दुहेरी होते. आयपीचं अख्खं पॅकेट, हेडरसकट, कुलूपबंद होऊन दुसऱ्या पॅकेटाचा नुसता मजकूर बनतं आणि सगळा जिना पुन्हा पहिल्यापासून उतरतं. वायरगार्ड नावाच्या व्हीपीएनमध्ये या दुसऱ्या फेरीचा खर्च जुन्या आयपीवर ६० आणि सहाव्या आवृत्तीवर ८० बाइट येतो. म्हणून तो आपली मर्यादा आपणहून १४२० धरतो. खालची वाट मुळातच १४९२ची असेल तर सहाव्या आवृत्तीवरून जाताना तेवढीही जागा उरत नाही, आणि मग व्हीपीएन जोडलेला असताना ईमेल येतात पण जोडपत्रं उतरत नाहीत, अशी तक्रार सुरू होते.

अलीकडे क्विक या नव्या पद्धतीनं, जिचं मानक २०२१मध्ये निघालं, टीसीपीची कामं कुलपाच्या आत नेली आहेत. वाटेतल्या कुणाला आता आतले क्रमांक दिसत नाहीत, त्यामुळे १४६० खोडून १४५२ लिहिण्याची राऊटरची मदतही संपली. म्हणून क्विकनं स्वतःपुरता नियम केला. ग्राहकाचं पहिलं पॅकेट, त्यात सांगण्यासारखं थोडंसंच असलं तरी, रिकामे बाइट भरून किमान १२०० बाइटांचं करायचं. एवढं न पेलणारी वाट असेल तर ती पहिल्याच फटक्यात उघडी पडते. त्याहून मोठं पाठवायचं झालं तर आधी एक चाचणीचं पॅकेट सोडून पाहायचं, आणि त्याची पोच आली तरच आकार वाढवायचा. ‘मोठं आहे’ हा निरोप आला तर ठीक, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही.